मदत हवी आहे: कलन न वापरता, केवळ तक्त्यावरून नफा महत्तम करणारे उत्पादन कसे ठरवावे?

कलाशाखा_प्रथमवर्ष

नमस्कार. अर्थशास्त्राच्या पेपरात आम्हाला किंमत आणि खर्चाचा तक्ता देऊन, पूर्ण स्पर्धेतील पेढी आणि मक्तेदार यांनी किती नग काढावेत, असे विचारले जाते. कलन आमच्या अभ्यासक्रमात नाही. सरावातील एक तक्ता देत आहे. स्पर्धेतील पेढीला प्रत्येक नगामागे ७५ रुपये हा बाजारभाव मिळतो. मक्तेदाराने तितके नग विकायचे ठरवले तर त्याला किती किंमत लावावी लागेल, ते तिसऱ्या रकान्यात आहे. खर्च दोघांचाही सारखाच आहे.

| नग | एकूण खर्च | मक्तेदाराची किंमत |
|---|---|---|
| ० | १०० | – |
| १ | १५० | १४० |
| २ | १८० | १३० |
| ३ | २२० | १२० |
| ४ | २७० | ११० |
| ५ | ३३० | १०० |
| ६ | ४१० | ९० |
| ७ | ५१० | ८० |

सीमांत खर्च अनुक्रमे ५०, ३०, ४०, ५०, ६०, ८०, १०० असा येतो. पहिली अडचण अशी, की किंमत आणि सीमांत खर्च समान व्हायला हवेत असे शिकवले आहे, पण ७५ हा आकडा या यादीत कुठेच नाही. दुसरी अडचण मक्तेदाराची. सहावा नग ९० रुपयांना जातो आणि त्याचा सीमांत खर्च ८० आहे, म्हणून तो काढणे परवडते. सातव्याची किंमत ८० आणि खर्च १००, म्हणून तो परवडत नाही. अर्थात माझे उत्तर ६ येते, पण उत्तरसूचीत ५ दिले आहे. कुठे चुकते आहे?

हिशेबवही

सीमांत खर्चाच्या फंदात पडण्याची गरजच नाही. एकूण खर्चाला नगांनी भागून सरासरी काढा. ५ नगांना ती ६६ रुपये येते आणि तक्त्यातील हीच सर्वांत कमी सरासरी आहे. जिथे नग सर्वांत स्वस्त पडतो तिथे नफा सर्वाधिक, हे उघड आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ५ येते आणि ते उत्तरसूचीशी जुळते.

निवृत्त_प्राध्यापक

हिशेबवही यांचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, परंतु या तक्त्यात तो योगायोग आहे. बाजारभाव ७५ ऐवजी ८५ धरून पाहा. ५ नगांवर ४२५ वजा ३३०, म्हणजे ९५ रुपये नफा होतो. ६ नगांवर ५१० वजा ४१०, म्हणजे १००. सरासरी खर्च मात्र ६ नगांना वाढून ६८ रुपयांच्या वर गेलेला असतो. पेढीला प्रत्येक नगावरचा नफा वाढवायचा नसून एकूण नफा वाढवायचा असतो, आणि सरासरीची पद्धत नेमकी तिथे फसते.

आता पहिली अडचण. तक्त्यात नग पूर्णांकांत असतात, त्यामुळे समानता सापडेलच असे नाही आणि ती शोधण्याचे कारणही नाही. प्रत्येक नगापाशी एवढेच विचारायचे, की हा आणखी एक नग काढल्याने जेवढी रक्कम येईल तेवढी जाईल का, की त्याहून कमी जाईल. पाचवा नग ७५ आणतो आणि ६० खातो, म्हणून तो काढावा. सहावा ७५ आणतो आणि ८० खातो, म्हणून तो सोडावा. पडताळणी एकूण आकड्यांवर करा: ५ नगांवर नफा ३७५ वजा ३३०, म्हणजे ४५, आणि ६ नगांवर ४५० वजा ४१०, म्हणजे ४०.

दुसऱ्या अडचणीचे मूळ असे, की सहावा नग मक्तेदाराला ९० रुपये मिळवून देतो असे तुम्ही धरले आहे. सहा नग खपवायचे तर किंमत १०० वरून ९० वर आणावी लागते, आणि ती एकट्या सहाव्या नगासाठी नव्हे, सर्वांसाठी उतरते. जे पाच नग १०० ला गेले असते ते आता ९० ला जातात, म्हणजे तिथे ५० रुपये बुडतात. सहाव्याचे ९० आले आणि ५० गेले. हाती ४० उरले. ही त्या नगाची सीमांत प्राप्ती, आणि सीमांत खर्च ८० आहे. तुमच्या वहीत एकूण प्राप्तीचा रकाना वाढवा: १४०, २६०, ३६०, ४४०, ५००, ५४०, ५६०. शेजारच्या दोन आकड्यांमधील फरक घेतला की सीमांत प्राप्ती मिळते: १४०, १२०, १००, ८०, ६०, ४०, २०. तुमच्या उत्तराप्रमाणे ६ नगांवर नफा १३० होतो. ५ नगांवर तो १७० आहे. स्पर्धेतील पेढीला भाव उतरवावाच लागत नाही, म्हणून तिच्या बाबतीत किंमत आणि सीमांत प्राप्ती एकच असते आणि हा रकाना वेगळा मांडावा लागत नाही.

फराळ_ऑर्डरप्रमाणे

मी दिवाळीत चकली आणि अनारसे घरून विकते. यंदा जागेचे भाडे वाढले आहे. या पद्धतीप्रमाणे मी जास्त माल काढून ते भाडे भरून काढावे, की भाव वाढवावा? आमच्या भागात फराळ करणाऱ्या आणखी काहीजणी आहेत, पण माझी ठरलेली गिऱ्हाइके थोडा भाव वाढला तरी सुटत नाहीत.

निवृत्त_प्राध्यापक

ताई, भाडे चकली करा वा न करा, द्यावेच लागते, म्हणून ते सीमांत खर्चात येत नाही. वरच्या तक्त्यात शून्य नगांचे १०० रुपये वाढून १६० झाले, तर सगळे एकूण खर्च ६० ने वाढतात, पण शेजारचे फरक तेच राहतात. स्पर्धेतील पेढीसाठी ५ नगच सर्वोत्तम ठरतात, फक्त ४५ चा नफा जाऊन १५ चा तोटा होतो. बंद ठेवल्यास तोटा १६० चा, त्यामुळे निदान या हंगामापुरते चालू ठेवणेच योग्य. जागा सोडता येण्याजोगी असेल तेव्हा हिशेब वेगळा होईल.

तुमच्या भावाचे उत्तर मात्र या तक्त्यातून निघणार नाही. तुम्ही पूर्ण स्पर्धेत नाही आणि मक्तेदारही नाही. किलोमागे दहा रुपये वाढवल्यावर किती ऑर्डरी कमी होतात, ही नोंद तुमच्याकडे असेल तरच तिसरा रकाना तयार होतो.

शून्याच्या ओळीचा विद्यार्थ्यांनाही उपयोग आहे. बाजारभाव ३८ असेल तर पहिला नग १२ चे नुकसान करतो आणि दुसरा ८ मिळवतो, तिसऱ्यापाशी सीमांत खर्च पुन्हा भावाच्या वर जातो. नियम डोळे झाकून लावणारा २ नग लिहील, पण त्यावर तोटा १०४ आहे आणि शून्यावर १००. उलट भाव ४५ असताना पहिल्याच नगापाशी थांबणारा फसतो, कारण ३ नगांपर्यंत गेल्यास तोटा ८५ वर येतो. सीमांत खर्च सुरुवातीला घसरत असेल, तर उत्तर चढत्या बाजूला शोधावे आणि शून्याशी ताडून पाहावे.

कलाशाखा_प्रथमवर्ष

आभारी आहे सर. आता रकाना मांडल्यावर नवीच शंका आली. मक्तेदाराला ४ नगांवर ४४० वजा २७० आणि ५ नगांवर ५०० वजा ३३०, दोन्हीकडे १७०च उरतात. मग उत्तरसूचीत ५ च का?

हिशेबवही

नफा तेवढाच असेल तर ४ लिहावे. कमी मालात, कमी भांडवलात तेवढेच पैसे मिळत असताना पाचव्या नगाची यातायात कोण करील?

निवृत्त_प्राध्यापक

पाचव्या नगाची सीमांत प्राप्ती ६० आणि सीमांत खर्चही ६०, त्यामुळे तो काढल्याने काही मिळत नाही आणि जातही नाही. समानतेचा नग मोजायचा, असा संकेत बहुतेक पाठ्यपुस्तके पाळतात, म्हणून सूचीत ५ आहे. माझ्या मते पेपरात ५ लिहून ४ वरही नफा तेवढाच असल्याची एक ओळ जोडावी. सगळे परीक्षक त्या ओळीला गुण देतील असे मात्र मी सांगू शकत नाही. तुमच्या शिक्षकांना आधीच विचारून घ्या.