पाऊण किलोच्या पेट्रोलमधून सव्वादोन किलो वायू

> एक लिटर पेट्रोल पाऊण किलोचं, मग त्यातून सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड येतोच कसा? आणि बसचा पास काढून खरंच फरक पडतो का?

जास्तीचं वजन हवेतलं आहे. पाऊण किलो पेट्रोलमध्ये साधारण 640 ग्रॅम कार्बन असतो. जळताना 12 ग्रॅम कार्बन हवेतला 32 ग्रॅम ऑक्सिजन धरतो आणि 44 ग्रॅम वायू होतो. म्हणून 640 ला 44/12 ने गुणलं की 2.3 किलो. डिझेल लिटरमागे जड, त्यामुळे त्याचे 2.65 किलो. (इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा आकडा थोडा कमी येतो.)

आता माझंच उदाहरण. रोज जाऊन-येऊन 24 किलोमीटर, वर्षाला 250 दिवस, म्हणजे 6000 किलोमीटर. स्कूटर 45 चं ॲव्हरेज देते: 133 लिटर, 307 किलो. हेच अंतर 15 च्या ॲव्हरेजने एकट्याने कारमधून कापलं तर 920 किलो.

डिझेल बस लिटरला 4 किलोमीटर धरा. तेवढ्याच अंतरात अख्खी बस जवळपास 3975 किलो सोडते. त्यात 40 जण असतील तर माझ्या वाट्याला 100 किलो. पण सरासरी 13 च प्रवासी असतील तर वाटा 306 किलो, म्हणजे थेट स्कूटरइतका! म्हणून पासाचा हिशोब करताना आधी बसमधली डोकी मोजा, आणि दुपारच्या रिकाम्या फेऱ्याही धरा. तरी वेळापत्रकातली बस तुमच्याशिवायही धावणारच असते. स्कूटर घरी ठेवलीत तर ते 133 लिटर मात्र खरोखर जळत नाहीत.