मदत हवी आहे: स्टेटमेंटच्या फोटोत एकच चार्ज दोनदा, डिस्प्यूटच्या यादीत कसा लिहू?

बाबांच्या क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटचा फक्त फोटो आहे, कागद हरवला, नेट बँकिंग चालू नाही. एकाच दुकानाचे 1,849 चे दोन चार्ज आहेत, व्यवहाराची तारीख दोन्हीची 14 पण पोस्टिंग एकाचं 15 ला, दुसऱ्याचं 17 ला. पेंडिंग असतं तर सोडलं असतं, पण दोन्ही पोस्ट झालेत, रिफंडची एंट्रीही नाही आणि पावती एकच. फोटोवरून आकडे अ‍ॅपने काढले तर 8 चा 3 झाला (वैताग नुसता), मग हाताने टाइप केले, बेरीज स्टेटमेंटशी जुळली. घोळ रेफरन्स नंबरचा, घडीमुळे दुसऱ्याचे शेवटचे चार आकडे दिसत नाहीत, त्यामुळे नंबर सेम आहेत की वेगळे तेच कळत नाही. यादीत अर्धवट नंबर चालतो, की आधी डुप्लिकेट स्टेटमेंट मागवू, आणि तोवर डिस्प्यूटची मुदत गेली तर?