मदत हवी: कोकम सरबताच्या प्रकल्प अहवालातला 'उत्पादन व्यवस्था' भाग बँकेने परत पाठवला

सोलवाली: कर्जासाठी दिलेला अहवाल परत आला. शेरा एवढाच: 'क्षमतेचा आधार द्या, पुरवठादार व गुणवत्ता स्पष्ट करा.' मी वर्षाला ५००० बाटल्या लिहिल्यात. सोमवारी परत द्यायचाय. कुणाकडे तयार नमुना असेल तर टाका, प्लीज.

मालवणी_मसाला: उद्यम नोंदणी केलीत का? ती फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका.

सोलवाली: ती झाली हो. क्षमतेचं विचारतेय.

बागायतदार_वेंगुर्ला: ताई, दुसऱ्याचा नमुना उतरवलात तर पुन्हा परत येईल. आधी सांगा: मिठातलं आगळ की साखरेचं सरबत? बाटली केवढी? पिंपं किती आणि केवढी? फळ कापायला किती जणी?

सोलवाली: साखरेचं, ताज्या सालीचं. ७०० मिलीची बाटली. १०० लिटरची ४ पिंपं आहेत. मी आणि जाऊ.

बागायतदार_वेंगुर्ला: मग ५००० कुठून आले? ४ पिंपांत ते बसत नाहीत, मॅनेजरने नेमकं तेच पकडलंय. हिशेब असा मांडा. ५० किलो रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, साल साधारण २५ किलो निघते. तिच्या दुप्पट म्हणजे ५० किलो साखर, एक थर सालीचा, एक साखरेचा. आठवडाभर पाक सुटू द्यायचा, आठव्या दिवशी गाळून पिंप धुवायचं. म्हणजे एक पिंप ८ दिवस अडकतं. पाक किती निघतो ते स्वतःच्या पिंपावर तोलून लिहा. ५५ किलो धरला तर सुमारे ४० लिटर, गळती सोडून ५५ बाटल्या. ४८ दिवसांच्या हंगामात एका पिंपाच्या ६ खेपा. ४ पिंपांच्या २४ खेपा, बाटल्या १३२०. त्यासाठी रातांबे १२०० किलो आणि तेवढीच साखर.

देवगडकर: एवढं कशाला? साखर उकळून पाक करायचा, त्यात आगळ ओतायचं. एका दिवसात बाटली तयार. आमच्याकडे तसंच करतात.

बागायतदार_वेंगुर्ला: होतं तसंही. पण आगळात मीठ असतं, ते वेगळं उत्पादन झालं. ताईंनी अहवालात ताज्या सालीचं लिहिलंय, तर क्षमताही त्याचीच दाखवावी लागेल.

वेंगुर्ल्याची_सून: टिकण्यासाठी केएमएस घाला. गुणवत्तेच्या रकान्यात तेच लिहा, बँकेला पटतं.

बागायतदार_वेंगुर्ला: केएमएस आंब्याच्या स्क्वॅशला चालतं. कोकमाचा लाल रंग त्याने फिका पडतो. इथे सोडियम बेंझोएट, ५५ किलो पाकाला जास्तीत जास्त ३३ ग्रॅम, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, आणि लेबलवर उल्लेख हवा. पण बेंझोएटवर गुणवत्तेचा रकाना भरत नाही. ब्रिक्समीटरने प्रत्येक पिंपातल्या पाकाचे ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचं प्रमाण, मोजा. सिरपला नियमाने किमान ६५ हवेत, तुम्ही ७० च्या वर ठेवा. कमी असेल तर पावसाळ्यात बाटली आंबते, झाकण फुगतं, उघडताना फेस येतो. बाटली ओली राहिली तरी वरचा थर पातळ होऊन गळ्याशी बुरशी धरते. म्हणून वहीत खेप क्रमांक, तारीख, ब्रिक्स, बाटल्या कधी सुकवल्या हे सगळं येऊ दे. पिंपं फूडग्रेड प्लास्टिकची किंवा स्टीलची आहेत हेही लिहा, या आंबटपणाला ॲल्युमिनियम चालत नाही.

वेंगुर्ल्याची_सून: ७० च्या वर असेल तर बेंझोएट घालायचंच कशाला? नैसर्गिक म्हणून जास्त भावाने जातं.

बागायतदार_वेंगुर्ला: बंद बाटलीपुरतं खरं आहे तुमचं. गिऱ्हाईक ओला चमचा घालतं तेव्हा काय होतं, त्यावर माझं मत वेगळं आहे. ताईंनी दोन्ही प्रकारच्या चार बाटल्या पावसाळाभर ठेवून बघाव्यात.

देवगडकर: घरगुती आहे ना? मग फूड लायसन लागत नाही.

बागायतदार_वेंगुर्ला: लागतं. एवढ्या उलाढालीला एफएसएसएआयची नोंदणी पुरते, पण ती जिथे बनवता त्या पत्त्याची हवी आणि १४ अंकी क्रमांक लेबलवर. निव्वळ माप, एमआरपी, बनवल्याचा महिना आणि वर्ष, तक्रारीचा फोन हेही लेबलवर लागतं. विहिरीचं पाणी वापरत असाल तर तपासणीचा अहवाल जोडा.

सोलवाली: विहिरीचंच आहे. पुरवठादार कोण लिहू? रातांबे वाडीतल्या बायका आणून देतात, बिल कुठलं?

बागायतदार_वेंगुर्ला: वाड्यांची नावं लिहा, प्रत्येकीकडची झाडं, रोज किती किलो, कोणत्या दरानं. साधं संमतीपत्र सहीनिशी घ्या. अट एकच घाला: पिकलेले, न फुटलेले, त्याच दिवशी काढलेले. वळवाचा पाऊस पडला की खाली पडून फुटलेले येतात, ते पिंपातच आंबतात. एक वाडी दुसऱ्या गावातली ठेवा.

मालवणी_मसाला: बिया टाकू नका हां, कोकम तेलाला जातात.

सोलवाली: कर्जातून ४ पिंपं वाढवून ८ केली तर २६४० बाटल्या दाखवता येतील ना?

बागायतदार_वेंगुर्ला: कागदावर येतील. पण ८ पिंपं म्हणजे रोज एक भरायचं, रोज ५० किलो फळ फोडून बिया काढायच्या, शिवाय रोज एक गाळून बाटल्या भरायच्या. सध्या ते एक दिवसाआड आहे. तिसरी बाई मजुरीच्या रकान्यात धरा, आणि वाडीतून रोज ५० किलो येतील का ते आजच विचारून घ्या. ३० च येणार असतील तर ८ लिहू नका.