मदत हवी आहे: मेंदूच्या सिग्नलवरून कर्सर हलवणारा डीकोडर काही आठवड्यांनी का भरकटतो?

नमस्कार मंडळी. माकडाच्या मोटर कॉर्टेक्समधल्या ९६ इलेक्ट्रोडच्या युटा अ‍ॅरेचा, सर्वांना खुला असलेला डेटा घेऊन काम करतोय. स्पाइक वेगळ्या न्यूरॉन्समध्ये न वाटता प्रत्येक चॅनेलवरचे सगळे स्पाइक ५० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजतो आणि कॅलमन फिल्टरने हाताचा वेग काढतो. त्याच दिवशीच्या डेटावर निकाल छान येतो. काही आठवड्यांनंतरच्या डेटावर मात्र काढलेला वेग सतत एकाच दिशेला ओढला जातो, हात स्थिर असतानासुद्धा.

प्रत्येक चॅनेलची सरासरी त्या त्या दिवसाची धरून वजा केली, तर ही ओढ जवळजवळ जाते. म्हणजे तेवढा भाग स्पाइकचा मूळ दर बदलल्याचा असावा. पण दिशेची चूक उरतेच. काही चॅनेलची आवडती दिशाच फिरलेली दिसते. अ‍ॅरे सूक्ष्म सरकून दुसराच न्यूरॉन ऐकू येत असेल, असा माझा अंदाज.

नव्या दिवशी हाताचा खरा वेग देऊन फिल्टर पुन्हा शिकवला की सगळं सुरळीत होतं. पण ज्याचा हात हलतच नाही, त्या रुग्णाकडून हा वेग आणायचा कुठून? मला उत्तर हवंय ते याचंच.

दोन दिवसांचे न्यूरल पॅटर्न कमी मितींत आणून जुळवायच्या काही पद्धतींना तेच ते लक्ष्य पुन्हा पुन्हा लागतं; इथे लक्ष्यं यादृच्छिक आहेत. कर्सर लक्ष्याकडेच न्यायचा होता असं गृहीत धरून शिकवणं कोणी करून पाहिलंय का? सुरुवातीचा डीकोडर फारच चुकत असेल, तरी ते जमतं का?