मदत हवी आहे: परदेशी क्लायंटच्या करारातील कोडची मालकी आणि टप्प्यांचे पैसे

जळगावकर_७७: नमस्कार. मी जळगावात राहून सात वर्षे स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामे करतो. आजवरची बहुतेक कामे ईमेलवरच्या बोलण्यावरच झाली. या वेळी मात्र टेक्सासमधील एका कंपनीने अकरा पानांचा करार पाठवला असून सोमवारपर्यंत सही मागितली आहे. काम गोदामातील मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपचे आहे. मोबदला ४८०० डॉलर, प्रत्येकी १२०० डॉलरचे चार टप्पे.

दोन कलमांवर मी अडलो आहे. पहिल्यानुसार मी जे काही तयार करेन, तसेच त्यात माझे आधीचे जे काही वापरेन, ते सर्व ‘निर्माण होताक्षणी’ क्लायंटच्या मालकीचे होईल. दुसऱ्यानुसार क्लायंटचे ‘स्वतःच्या मर्जीनुसार समाधान’ झाल्यावर तीस दिवसांत त्या टप्प्याचे पैसे मिळतील.

खरी काळजी अशी की, तीन वर्षांपूर्वी रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी मी एक प्रोग्राम लिहिला होता. शेतात रेंज नसते. मुकादम ट्रकजवळ उभा राहून घडांचे वजन फोनवर नोंदवतो आणि फोन रेंजमध्ये आला की नोंदी आपोआप सर्व्हरवर जातात. हाच ‘रेंज आल्यावर जुळवून घेण्याचा’ भाग मला या ॲपमध्ये वापरायचा आहे. सही केल्यास तो भाग टेक्सासचा होईल का?

अमळनेरचा_वाचक: घाबरू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे निर्माता हाच पहिला मालक असतो. नोकराने नोकरीत केलेले काम मालकाचे होते, तुम्ही मात्र नोकर नाही. त्यांचा ‘वर्क मेड फॉर हायर’, म्हणजे काम करून घेणाऱ्यालाच पहिला मालक मानण्याचा नियम, अमेरिकेत चालतो, इथे नाही. खुशाल सही करा.

धुळे_फोटोवाला: मीही लग्नाचे फोटो काढतो आणि मूळ फाइली कधीच देत नाही, कारण फोटो माझे असतात. पूर्ण पैसे आल्याशिवाय अल्बमसुद्धा देत नाही. तुम्हीही तसेच करा.

करारवाचक: मी गेली बारा वर्षे एका निर्यातदार कंपनीत करार तपासण्याचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अमळनेरच्या दादांचे पहिले वाक्य बरोबर आहे, निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे. कलम १७ फक्त पहिला मालक कोण ते ठरवते, तो मालक पुढे लेखी कराराने आपले हक्क दुसऱ्याला देऊ शकतो, आणि इथे तसाच करार तुमच्यापुढे ठेवला आहे. तुमच्या करारात मालकीच्या कलमातील पुढचे वाक्य वाचून पाहा. ‘हे काम वर्क मेड फॉर हायर न ठरल्यास कंत्राटदार याद्वारे सर्व हक्क हस्तांतरित करत आहे’ अशी जोड बहुतेक त्यात असेल. अमेरिकेच्या कायद्यात बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाला ही संज्ञा ठरावीक नऊ प्रकारांतच लागते आणि त्या यादीत सॉफ्टवेअरचे नाव नाही, म्हणून त्यांचे वकील ही जोड हमखास घालतात. मालकी प्रत्यक्षात याच वाक्याने जाते. आपल्याकडेही लेखी आणि सही केलेले हस्तांतरण कलम १९ प्रमाणे चालते.

धुळ्याच्या भाऊंची गोष्ट वेगळी आहे. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळे ठरले नसल्यास, काढून घेणारा असतो. तेव्हा फाइली हातात असणे आणि हक्क असणे एक नव्हे. पैशांसाठी वस्तू रोखून धरण्याचा त्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याकडे नंतर येते.

जळगावकर, रावेरच्या व्यापाऱ्याशी लेखी काय झाले होते?

जळगावकर_७७: काहीच नाही. पैसे रोख मिळाले आणि वहीत एक नोंद झाली, एवढेच. अमेरिकन करारात ती जोड खरोखरच आहे, त्याच परिच्छेदात, चौथ्या ओळीत.

करारवाचक: मग तो भाग तुमचाच आहे, व्यापाऱ्याकडे फक्त वापरण्याची परवानगी आहे. पण या करारावर आहे तशी सही केली, तर पुढे रावेरचा प्रोग्राम दुरुस्त करतानाही तुम्ही दुसऱ्याच्या मालकीचा कोड वापरत असाल. म्हणून कराराला एक परिशिष्ट जोडा आणि त्या भागाचे नाव, फोल्डर व तारीख लिहा. मुख्य करारात मागा की परिशिष्टातील वस्तूंची मालकी तुमच्याकडे राहील आणि क्लायंटला त्या याच ॲपचा भाग म्हणून कायम, जगभर वापरण्याचा, बदलण्याचा परवाना मिळेल. परिशिष्ट कोरे सोडणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कोरे म्हणजे ‘माझे आधीचे काही नाही’ असाच अर्थ पुढे काढला जातो.

आता पैसे. ‘निर्माण होताक्षणी’ या शब्दांऐवजी ‘त्या टप्प्याची पूर्ण रक्कम मिळताच, त्या टप्प्यापुरते’ असे सुचवा. मर्जीनुसार समाधान काढून टाका: क्लायंटने दहा कामाच्या दिवसांत, करारातील कामाच्या यादीशी ताडून, लेखी दोष कळवावेत, न कळवल्यास टप्पा स्वीकारला असे धरावे, पैसे त्यानंतर दहा दिवसांत. ते येईपर्यंत पुढचा टप्पा सुरू करू नका.

हिशेब पाहा. त्यांच्या रचनेत पहिला टप्पा देऊन तुम्ही दुसऱ्यावर काम करत राहता, पैसे तीस दिवसांनी, तेही समाधान झाल्यावर. दुसरा टप्पा पूर्ण होईपर्यंत तुमचे २४०० डॉलरचे काम अडकते आणि ते सारे त्यांच्याच मालकीचे असते. त्याऐवजी सहीच्या वेळी ९६० आणि नंतर तीन समान टप्प्यांअखेर प्रत्येकी १२८० असे मागा. काम १६०० च्या हिश्शांत होते असे धरा. पहिल्या टप्प्याअखेर ६४०, दुसऱ्याअखेर ९६०, शेवटी १२८० एवढेच अडकते. टेक्सासच्या न्यायालयात जाऊन १२८० डॉलर मागणे कोणालाच परवडणारे नाही, म्हणून अडकणारी रक्कमच लहान ठेवायची.

अमळनेरचा_वाचक: चूक मान्य. पण हस्तांतरणाची मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते, हे तरी बरोबर ना?

करारवाचक: बरोबर, तेही कलम १९ मध्येच आहे. पण ‘कायम’ आणि ‘जगभर’ हे शब्द त्यांचे वकील विसरत नाहीत.

जळगावकर_७७: काल रात्री त्यांचे उत्तर आले. परिशिष्ट आणि परवाना मान्य, दहा दिवसांची मुदत मान्य. ९६० अग्रिमही देतील. मालकी मात्र पैशांवर अवलंबून ठेवायला ते तयार नाहीत. गुंतवणूकदारांच्या तपासणीत मालकीला अट जोडलेला कोड अडतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

करारवाचक: हे कारण बनावट नाही, मीही ऐकले आहे. मग मालकी आधी जाऊ द्या, पण ‘देय रक्कम तीस दिवस थकली तर त्या टप्प्याचे हक्क परत कंत्राटदाराकडे’ असे वाक्य मागा. त्यालाही नकार आला तर अग्रिम तरी १५०० करून घ्या. काम तुमच्याच रिपॉझिटरीत ठेवा, डेमो तुमच्या सर्व्हरवरून दाखवा आणि टप्प्याचे पैसे आल्यावरच कोड त्यांच्याकडे पाठवा. धुळ्याच्या भाऊंची पद्धत इथे कामी येते, फक्त ती करारात लिहून घ्या.

जळगावकर_७७: इथेच अडचण आहे. बोलणी चालू असताना उत्साहात मी सुरुवातीचा कोड त्यांच्या गिटहबवर आधीच टाकला. त्यात रावेरचा भागही आहे. सही अजून झालेली नाही. करारात मात्र ‘या कामासाठी आधी दिलेले सर्व’ असेही शब्द आहेत.

करारवाचक: सहीआधी हस्तांतरण झालेले नाही, पण त्या शब्दांवर सही केलीत तर ते मागच्या कोडलाही लागेल. तो भाग परिशिष्टात नावानिशी घाला आणि ‘परिशिष्ट वगळून’ हे शब्द त्या वाक्यात येईपर्यंत थांबा. त्यांच्या गिटहबच्या इतिहासात राहिलेली प्रत मात्र आता परत घेता येणार नाही.