स्टुडिओचं पत्र: ‘कास पठार, तेही एसीत’

मोगरा_२७: लग्नाआधीच्या फोटोंसाठी स्टुडिओचं पत्र आलंय. ‘डिजिटल बॅकड्रॉप पॅकेज. थीम दोन: कास पठार आणि पेशवाई वाडा. चार तास, ४० फोटो, शिवाय पदर उडवत चालतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. पाऊस नाही, प्रवास नाही. हॉल २० फूट लांब, हिरवा पडदा ९ फूट रुंद.’ लग्न डिसेंबरात आहे. घ्यावं का?

नुसताच_नाना: साताऱ्याहून कास २५ किलोमीटर. गाडी काढा आणि जा. पडद्यापुढे उभं राहून फुलं बघितल्याचा आव आणायला पैसे मोजणाऱ्यांची कमाल आहे.

पडद्यामागचा: नाना, कासला फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात एवढीच असतात. तुळशीच्या लग्नानंतर तिथे वाळलेलं गवत आणि कातळ. डिसेंबरातल्या लग्नाला गाडी काढून काय मिळणार, ते तुम्हीच सांगा. पत्रात खटकणारं काही असेल तर ते २० आणि ९ हे आकडे.

एडिटर पडद्याचा हिरवा उडवून त्याजागी पठाराचा फोटो बसवतो. ते नीट जमायला जोडी पडद्यापासून निदान ७ फूट पुढे हवी. तीन फुटांवर उभं केलं की पडद्यावरचा हिरवा उजेड जरीवर, गळ्यातल्या सोन्यावर आणि केसांच्या कडेला बसतो. एडिटर तो हिरवा खेचून काढतो, मग त्वचा करडी नाहीतर जांभळट दिसते. आता हिशोब करा. दोघांचा पूर्ण उभा फोटो, डोक्यावर-पायाखाली जागा धरून चौकट ८ फूट उंच. फुल फ्रेम कॅमेऱ्याला ५० मिमी लेन्स लावली तर कॅमेरा ११ फुटांवर. मागचे ७ धरून १८ झाले, फोटोग्राफरला उभं राहायला २. हॉल संपला. पडद्यावर ही चौकट पावणेनऊ फूट रुंद होते, म्हणजे ९ फुटी पडदा कसाबसा पुरतो.

आडव्या चौकटीला मात्र कॅमेरा साधारण १७ फुटांवर जातो आणि मागे १७ फूट रुंदी लागते. चालतानाचा व्हिडिओ आडवाच असतो. तो या हॉलमध्ये होत नाही.

कात्री: अर्धंच खरं. हिरवं सगळ्या चौकटीमागे कशाला हवं? फक्त माणसांच्या कडेमागे पुरतं, बाकी भिंत-स्टँड मास्क करून उडवतात. आडवा फोटो ९ फुटातही निघतो.

पडद्यामागचा: निघतो, उभ्या जोडीचा. कॅमेरा मागे न्यायला जागा कुठली? वाइड लेन्स लावून पुढे आणलात तर कडेचा खांदा ताणला जातो. आणि पदर उडाला की पडद्याबाहेर जातो, मग प्रत्येक फ्रेम हाताने कापा.

कात्री: बरं, चालतानाचं तुमचं खरं. उभ्याचं माझं.

साताऱ्याची: पेशवाई थीममध्ये नऊवारीवर हिरव्या बांगड्या घालणार ना? हिरव्या पडद्यापुढे त्या गायब होतील आणि मनगटातून वाडा दिसेल! मुळात लग्नाआधी चुडा भरतातच कशाला?

नुसताच_नाना: साखरपुड्याला हिरव्या बांगड्या सर्रास घालतात, तेव्हा कुणाचं काही जात नाही.

साताऱ्याची: घालणं वेगळं, भरणं वेगळं. कासाराकडून भरून घेतात तो चुडा.

नुसताच_नाना: मग फोटोपुरत्या घातल्या तर तो चुडा नाहीच. वाद कशाचा?

साताऱ्याची: आव आणण्याचा. वर तुम्हीच लिहिलंय.

कात्री: भरा नाहीतर घाला, पडदा निळा मागा. स्टुडिओत बहुधा असतोच.

आंबाबर्फी: माझं फेब्रुवारीत आहे आणि पैठणी मोरपंखी. निळा की हिरवा?

पडद्यामागचा: दोन्ही नाहीत. मोरपंखी दोघांच्या मधोमध, कुठल्याही पडद्यावर साडीला भोकं पडणार. करडा कागद लावून हाताने कापून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून ४० फोटोंचे १० होतील.

नुसताच_नाना: आणि इतकं करून खोटं दिसतंच. मला लगेच कळतं.

कात्री: कळतं ते क्षितिजामुळे. स्टुडिओत कॅमेरा कमरेच्या उंचीवर सरळ धरला असेल तर पठाराचं क्षितिजही जोडीच्या कमरेवरूनच जायला हवं. ते डोक्यावरून गेलं की दोघं खड्ड्यात उभी वाटतात. कासचे फोटो बरेचदा फुलांजवळ बसून काढलेले असतात, त्यामुळे क्षितिज गुडघ्याखाली येतं आणि जोडी राक्षसासारखी दिसते. दुसरी खूण सावलीची. मागच्या फोटोत ऊन डावीकडून आणि नाकाची सावलीही डावीकडे, मग संपलंच.

मोगरा_२७: म्हणजे घेऊ की नको?

पडद्यामागचा: आधी पठाराचे मूळ फोटो मागवा, ते किती उंचीवरून काढलेत आणि ऊन कुठून आहे ते विचारा. त्याच हॉलमध्ये केलेला पायांसकट एक फोटो पूर्ण आकारात बघा. नमुन्यात सगळ्यांचे पाय गवतात बुडवलेले असतील तर ती सावली न जमल्याची लपवाछपवी. व्हिडिओ पॅकेजमधून काढायला सांगून तेवढी रक्कम कमी करून घ्या.

नुसताच_नाना: गवतात पाय बुडवायला कासला पाऊसच लागतो म्हणा.

साताऱ्याची: नाना, फुलांत पाय बुडवलेत तर तिथले रखवालदार आधी तुम्हालाच बाहेर काढतील. ते एक पडद्यापुढेच बरं.

नुसताच_नाना: तेवढं मान्य. बांगड्यांचं नाही.