डॉलर उतरला, फॉरवर्ड महागात पडलं: ४,२०,००० खरंच गेले का?

वाळूजचा मोल्डर

वाळूजला आमचं इंजेक्शन मोल्डिंगचं युनिट आहे. नायलॉनचा दाणा कोरियाहून येतो, उधारीच्या एलसीवर, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावर. १० फेब्रुवारी २०२५ ला डॉलर ८७.५० होता आणि रोज वर चालला होता. घाबरून बँकेकडं १,२०,००० डॉलरचं फॉरवर्ड बुक केलं, म्हणजे मेमध्ये घ्यायच्या डॉलरचा भाव तेव्हाच ८८.१० ला बांधून टाकला. ६ मेला पैसे भरले, तेव्हा बँक त्या दिवशीच्या दरानं डॉलर ८४.६० ला द्यायली होती. अण्णा म्हणतात, ४,२०,००० रुपये पाण्यात घातलेस. पुढच्या खेपेला फॉरवर्ड करावं का नाही?

शेंद्र्याचा पाटील

अण्णांचंच बरोबर आहे. ८७.५० चा डॉलर बँकेनं ८८.१० ला दिला, म्हणजे तीन महिन्यांनी तो तिथं जाईल असा बँकेचा अंदाज होता. अंदाज चुकला तिचा आणि भुर्दंड तुम्हाला. बँकेनं वरचे ४,२०,००० खिशात घातले. मी पाच वर्षांपासून मशीनचे सुटे भाग आणतोय, एकदाही फॉरवर्ड केलं नाही, अडलं नाही.

सोयाबीनवाला, उदगीर

भाऊ, वायद्यात अडकून कशाला बसलात? एप्रिलमध्ये डॉलर पडायला लागला तेव्हाच सौदा काटून मोकळं व्हायचं होतं. आम्ही सोयाबीनच्या वायद्यात हेच करायचो. २०२१ च्या डिसेंबरात सरकारनं ते वायदे बंद केले, नाहीतर अजून करत असतो. माल घ्यायचा नसतोच, फरक घ्यायचा असतो.

फॉरेक्स डेस्क, निवृत्त

मी बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहिते.

पाटील, वरचे ६० पैसे हा अंदाज नव्हता. त्यातले साधारण ४८ पैसे प्रीमियम आणि १२ पैसे बँकेचं मार्जिन असावं. रुपयावरचं व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा जास्त असतं, त्या फरकातून प्रीमियम येतो. उद्या डॉलर चढणार की पडणार याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि ज्या दिवशी बँकेनं तुम्हाला ८८.१० ला विकलं, त्याच दिवशी तिनं बाजारातून तेवढेच डॉलर त्याच मुदतीचे घेऊन ठेवले. मेमध्ये डॉलर पडल्यानं बँकेचा फायदा झालेला नाही. तिची कमाई ते मार्जिन.

म्हणून ४,२०,००० चे दोन तुकडे करून बघा. ६० पैसे गुणिले १,२०,००० म्हणजे ७२,००० रुपये. हा खर्च तुम्ही पहिल्याच दिवशी मान्य केला होता आणि डॉलर कुठंही गेला असता तरी तो लागणारच होता. उरलेले ३,४८,००० म्हणजे डॉलर ८७.५० वरून ८४.६० वर उतरल्याचा फायदा, जो तुम्हाला मिळाला नाही. ते पैसे तुमच्या खात्यातून बाहेर गेले नाहीत. तुम्ही १,०५,७२,००० भरले आणि तेवढेच भरणार हे फेब्रुवारीतच ठरलं होतं.

सोयाबीनवाले, हे काम तुमच्या वायद्यासारखं नाही. यांना डॉलर खरोखर कोरियाला पाठवायचे होते. एप्रिलमध्ये सौदा रद्द केला असता, तर बँकेनं त्या दिवशीच्या दरानं फरक काढून लगेच खात्यातून घेतला असता. मग पुढचे काही आठवडे डॉलर उघडेच, म्हणजे भाव न बांधलेले. ७ मेनंतर दोन दिवसांत डॉलर पुन्हा ८५ च्या वर गेला. रद्द करायचा दिवस अचूक सापडला तरच ते जमतं.

आता मोल्डरभाऊ, तुम्हालाच एक विचारते. या दाण्यापासून जो माल बनवला, त्याचा भाव गिऱ्हाइकाशी कधी ठरला आणि किती दिवसांसाठी?

वाळूजचा मोल्डर

जानेवारीच्या शेवटी, तिमाहीसाठी. गाड्यांच्या भागांचं काम आहे. खरेदीवाले तीन महिन्यांनी भाव बघतात, मध्ये एक पैसा वाढवत नाहीत. कॉस्टिंगला मी डॉलर ८८ धरला होता.

फॉरेक्स डेस्क, निवृत्त

मग तुमचं नुकसान झालेलं नाही. विक्रीचा भाव ८८ च्या हिशोबानं बांधलेला होता, खरेदी ८८.१० ला बांधली. मधल्या १० पैशांचे १२,००० तेवढे जादा गेले. नफा जेवढा धरला होता जवळपास तेवढा मिळाला. डॉलर ९१ झाला असता, तर गिऱ्हाइकानं भाव वाढवून दिला नसता आणि फॉरवर्डशिवाय ३,६०,००० खिशातून गेले असते. ८४.६० ला जे मिळालं असतं ते अचानक हाती आलेलं धन होतं, तुमच्या धंद्याची कमाई नव्हे.

लातूरची डाळ गिरणी

मॅडम, मोल्डरभाऊंचं पटलं, पण सगळ्यांना हे लागू करू नका. आम्ही आफ्रिकेतून तूर आणतो. आमचा विक्रीभाव कुणाशी ठरलेला नसतो, तो रोज बाजार ठरवतो. समजा ८०० डॉलर टनानं १०० टन घेतली, म्हणजे ८०,००० डॉलर. फॉरवर्ड करून बसले आणि डॉलर ३ रुपये पडला, तर माझी तूर शेजारच्या गिरणीपेक्षा किलोमागं २ रुपये ४० पैशांनी महाग. आमच्या गिरणीला किलोमागं दोन-तीन रुपये सुटतात. शेजारी खालच्या भावानं विकतो, व्यापारी त्याच्याकडं जातो, आणि मला त्याच भावाला उतरावं लागतं. इथं तुमचं "अचानक मिळालेलं धन" चालत नाही, इथं खरे पैसे जातात. मी दोन हंगाम हे भोगलंय. डॉलर उघडा ठेवला, तर चढला तरी सगळ्यांचीच तूर महाग होते आणि भाव वर जातो. म्हणून आमच्या धंद्यात फॉरवर्ड न करणं हेच जास्त सुरक्षित.

फॉरेक्स डेस्क, निवृत्त

ताई, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि तो फार कमी लोक मांडतात. विक्रीचा भाव डॉलरसोबत हलत असेल, तर फॉरवर्ड करून तुम्ही नवी जोखीम अंगावर घेता. फक्त एक विचारते, डॉलर चढला की तूर दरवेळी चढते का? इथलं पीक भरपूर आलं, तर डॉलर वर आणि तूर खाली असंही होतं. त्या दिवशी उघडा डॉलर दोन्ही बाजूंनी मारतो.

लातूरची डाळ गिरणी

होतं, नाही कसं. पण ती भीती पिकाची आहे, तिच्यावर फॉरवर्ड हा इलाज नाही. माल बंदरात उतरायच्या आत निम्मा विकून टाकते मी, माझा इलाज तो.

जालन्याचा भंगारवाला

मला वाटतं, सगळे भावावर बोलायलेत, तारखेवर कुणीच बोलेना. भट्टीसाठी आमचं भंगार कंटेनरमधून येतं. फेब्रुवारीत ५०,००० डॉलर ८७.९० ला बांधले, एप्रिलअखेरीस पैसे द्यायचे होते. जहाज लांबलं, कागद लांबले, पैसे द्यायची तारीख महिनाभर पुढं गेली. बँक म्हणाली कॉन्ट्रॅक्ट पुढं ढकलू, आणि त्याच दिवशी खात्यातून १,६०,००० कापले. पगाराचा आठवडा होता. माल नाही, डॉलर पाठवले नाहीत, तरी पैसे गेले. हा कुठला न्याय?

फॉरेक्स डेस्क, निवृत्त

राग समजतो, पण हा दंड नव्हता. पुढं ढकलणं म्हणजे जुना सौदा त्या दिवशीच्या भावानं मिटवायचा आणि नव्या तारखेचा नव्या भावानं करायचा. डॉलर त्या दिवशी ८४.७० च्या आसपास असणार. ८७.९० वजा ८४.७० म्हणजे ३.२०, गुणिले ५०,०००. ते तुमचे १,६०,०००. पण मग नवा सौदा ८५ च्या जवळपास झाला असेल, बघा. महिन्यानं डॉलर तेवढ्याला मिळतील. दोन्ही मिळून हिशोब ८७.९० च्या थोडा वर बसतो, जास्तीचा फक्त एका महिन्याचा प्रीमियम आणि बँकेचं मार्जिन. त्रास पैशाच्या वेळेचा आहे, तो मात्र खरा आहे. डॉलर आपल्या बाजूनं फिरतो तेव्हाच ही रोकड लागते, हे बँकेत कुणी आधी सांगत नाही.

तारीख नक्की नसेल तर एका ठरावीक दिवसाऐवजी काही आठवड्यांच्या खिडकीचं फॉरवर्ड मागा. त्या काळात कधीही डॉलर उचलता येतात. प्रीमियम मात्र बँक खिडकीच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा लावते.

जालन्याचा भंगारवाला

नवा सौदा ८५.०५ चा आहे, आत्ता कागद काढून बघितला. बँकेत कुणी एवढं समजावलं असतं, तर त्या आठवड्यात मी व्याजानं पैसे उचलले नसते. ते व्याज मात्र गेलं ते गेलंच, मॅडम.

नांदेडचा सीए

ऑप्शन घ्या की. वरचा भाव बांधला जातो आणि डॉलर पडला तर सोडून द्यायचा. माझ्या एका अशिलाला फेब्रुवारीत त्याचा खर्च डॉलरमागं रुपयाच्या आसपास सांगितला होता.

वाळूजचा मोल्डर

१,२०,००० डॉलरला सव्वा लाखाच्या आसपास आणि तेही आधी भरायचे. आमच्या दाण्याच्या खेपेत एवढं बसत नाही.

शेंद्र्याचा पाटील

बँकेबद्दल मी चुकीचं बोललो, ते मागं घेतो. पण एक सांगा मॅडम. यांच्या शेजारच्या मोल्डरनं फॉरवर्ड केलं नाही, त्याला दाणा ८४.६० ला पडला. पुढच्या तिमाहीत तो भाव पाडून बसला तर?

फॉरेक्स डेस्क, निवृत्त

तिथं तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. पुढच्या तिमाहीचा भाव ठरायला बसाल, तेव्हा खरेदीवाले डॉलर खाली आल्याचा कागद समोर ठेवणारच. म्हणून भाव जितक्या दिवसांचा बांधलाय, तितक्याच दिवसांचं फॉरवर्ड करावं. सहा महिन्यांचा दाणा ८८ ला बांधून ठेवला असता, तर दुसऱ्या तिमाहीत हे लातूरच्या ताईंच्या जागी उभे असते.

वाळूजचा मोल्डर

घोळ तिथंच आहे. दाणा मागवतो तेव्हा पुढच्या तिमाहीचा भाव ठरलेला नसतो. जूनमधली खेप निम्मी या भावाच्या मालाला लागेल, निम्मी पुढच्या. निम्म्याला काल फॉरवर्ड मागितलं. बँकेनं भाव सांगितला, तर प्रीमियम किती आणि मार्जिन किती हे वेगळं लिहून मागितलं. मार्जिन १२ चं ७ पैशांवर आलं. आता उरलेल्या निम्म्यावर घरात वाद चाललाय. अण्णा म्हणतात उघडं ठेव, मला झोप येईना.

लातूरची डाळ गिरणी

त्या निम्म्याबाबतीत मी अण्णांच्या बाजूनं. भाव ठरला नसेल, तर डॉलर कशाला बांधता?

फॉरेक्स डेस्क, निवृत्त

मी अजून पूर्ण मानलेलं नाही, ताई. वाहनवाले डॉलर पडला की भाव लगेच उतरवतात, आणि चढला की महिना-दोन महिने ऐकत नाहीत. तुरीच्या बाजारात तसं होत नाही. मोल्डरभाऊ, गेल्या दोन वर्षांत डॉलर चढल्यावर तुम्हाला भाव किती दिवसांनी वाढवून मिळाला, तेवढं बिलांवरून काढून इथं टाका.